गट भरला, संवर्ग रिकामा!

वर्ष सुरू झाले की सरकारी कचेऱ्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. '१ जानेवारी रोजीच्या स्थितीनुसार तात्पुरती ज्येष्ठता यादी.' कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील कचेरी असो की गडहिंग्लज-शाहूवाडीचे तहसील कार्यालय, या कागदासमोर दोन दिवस गर्दी असते. मग हरकतीची मुदत संपते, यादी अंतिम होते आणि कागद फाईलमध्ये जातो. आपले बहुतेक कर्मचारी त्या यादीत फक्त स्वतःचे नाव शोधतात. आपल्या वर कोण आहे, तो का आहे आणि ही यादी नेमकी कशाची आहे, हे प्रश्न फार थोडे जण विचारतात. पदोन्नतीतील आरक्षणाची लढाई दिल्लीच्या न्यायालयात होते हे खरे, पण तिचा निकाल शेवटी या कागदावरच उतरतो.

हा कागद वाचायचा तर गट, संवर्ग आणि पद या तीन शब्दांतील फरक समजून घ्यावा लागेल. व्यवस्थेने हे तीन शब्द असे एकमेकांत मिसळून ठेवले आहेत की भल्याभल्यांची फसगत होते.

गट म्हणजे अ, ब, क आणि ड. पूर्वी त्यांना वर्ग एक ते वर्ग चार म्हणत. हे वर्गीकरण मुख्यतः वेतनावरून होते. कोणाचा पगार किती, त्याच्यावर शिस्तीची कारवाई कोणी करायची, त्याला कोणत्या सवलती लागू, यासाठी ते उपयोगाचे आहे. पण गटाची ज्येष्ठता यादी नसते. 'गट क' मधील सगळ्या कर्मचाऱ्यांची एकत्र यादी कधी कोणी पाहिली आहे काय? ती असूच शकत नाही. कारण त्या एका गटात लिपिक आहे, वाहनचालक आहे, आरोग्य सेवक आहे आणि लघुलेखकही आहे. वाहनचालक कितीही जुना झाला तरी तो लिपिकाच्या रांगेत उभा राहत नाही.

रांग असते ती संवर्गाची. संवर्ग म्हणजे एखाद्या सेवेतील मंजूर पदांचा असा संच, जो स्वतंत्र घटक म्हणून धरला जातो. त्याचे सेवाप्रवेश नियम वेगळे, नेमणूक करणारा अधिकारी ठरलेला आणि ज्येष्ठता यादी स्वतंत्र. आरक्षणाची बिंदूनामावलीही संवर्गाचीच असते, गटाची नसते. आणि पद किंवा श्रेणी म्हणजे त्या शिडीवरची पायरी.

आपल्या जिल्ह्यातील महसूल खात्याची शिडी पाहा. खाली लिपिक, ज्याला आता महसूल सहायक म्हणतात. त्याच्यावर अव्वल कारकून. त्याच्यावर नायब तहसीलदार, मग तहसीलदार आणि मग उपजिल्हाधिकारी. यातील लिपिक आणि अव्वल कारकून दोघेही गट क मध्ये येतात. म्हणजे लिपिकाचा अव्वल कारकून झाला तर त्याची पदोन्नती झाली, परंतु गट बदलला नाही. तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी दोघेही गट अ मध्ये. पण या दोन खुर्च्यांमधले अंतर ओलांडताना कित्येकांची नोकरी संपते. शिवाय प्रत्येक पायरीवर रांगेचा आवाकाही बदलतो. अव्वल कारकुनाची यादी जिल्ह्याची, नायब तहसीलदाराची पुणे विभागाची, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांची, आणि तहसीलदाराची राज्याची. कोल्हापुरात पहिला असलेला माणूस विभागाच्या यादीत चाळिसावा निघाला तर त्यात आश्चर्य नाही.

येथे आणखी एक घोळ होतो. सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेखाली दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. ज्याला पदोन्नती मिळाली नाही त्याचे आर्थिक नुकसान थोडे भरून निघावे, एवढाच तिचा हेतू. तिच्यामुळे पगार वाढतो, परंतु खुर्ची बदलत नाही, संवर्ग बदलत नाही आणि वरच्या संवर्गातील ज्येष्ठताही मिळत नाही. 'मला वरचा पगार मिळाला, आता आरक्षण असले काय आणि नसले काय,' असे म्हणणारे आपलेच काही बांधव आहेत. त्यांनी ध्यानात घ्यावे की निर्णयाच्या कागदावर सही करण्याचा अधिकार पगाराबरोबर येत नाही, तो पदाबरोबर येतो. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये सेवांमधील पुरेशा प्रतिनिधित्वाची गोष्ट आहे, पुरेशा पगाराची नाही.

आता ज्येष्ठतेकडे येऊ. महाराष्ट्रात १९८२ सालच्या ज्येष्ठता विनियमन नियमांनी आणि आता त्यांच्या जागी आलेल्या २०२१ सालच्या नियमांनी मूळ तत्त्व एकच सांगितले आहे. त्या संवर्गात सलग सेवा किती झाली, त्यावर ज्येष्ठता ठरते. म्हणजे ज्याने त्या पायरीवर नियमित पदोन्नतीने आधी पाय ठेवला, तो वरचा. हे तत्त्व ऐकायला साधे आहे. पण ते मागासवर्गीयाला लावायची वेळ आली की त्याला फाटे फुटतात. कसे ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण अशा जोड्या प्रत्येक कचेरीत सापडतील.

समजा दोन लिपिक आहेत. पहिला खुल्या प्रवर्गातला, १९९२ साली लागला. दुसरा अनुसूचित जातीचा, १९९६ साली लागला. २००६ साली अव्वल कारकुनाचा अनुसूचित जातीचा बिंदू रिक्त झाला आणि दुसऱ्याला पदोन्नती मिळाली. पहिल्याला त्याच्या रांगेने २०१० साली मिळाली. आता दोघेही अव्वल कारकून आहेत. नायब तहसीलदाराचे पद रिकामे झाले, तर आधी कोण जाणार?

सलग सेवेचे तत्त्व लावले तर उत्तर स्पष्ट आहे. दुसरा २००६ पासून अव्वल कारकून आहे, पहिला २०१० पासून. दुसरा ज्येष्ठ. आरक्षणाने झालेल्या पदोन्नतीबरोबर येणाऱ्या या ज्येष्ठतेला 'परिणामस्वरूप ज्येष्ठता' म्हणतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वीरपाल सिंग चौहान प्रकरणात आणि पुढे अजित सिंग प्रकरणांत वेगळा नियम मांडला. खुल्या प्रवर्गातील जुना कर्मचारी मागाहून त्याच पायरीवर पोहोचला की त्याची खालच्या संवर्गातील ज्येष्ठता पुन्हा जिवंत होते आणि तो मागासवर्गीयाच्या पुढे जातो. यालाच 'कॅच अप' नियम म्हणतात. म्हणजे दुसऱ्याने चार वर्षे अव्वल कारकुनाचे काम केले, टेबल सांभाळले, चौकशा निस्तरल्या, तरी त्या चार वर्षांची किंमत शून्य!

हा अन्याय दूर करण्यासाठी संसदेला संविधानात दुरुस्ती करावी लागली. १९९२ च्या मंडल निकालाने पदोन्नतीतील आरक्षण बंद केले होते. ते अनुसूचित जाती-जमातींसाठी ७७ व्या दुरुस्तीने १९९५ साली परत आले आणि अनुच्छेद १६(४अ) जन्माला आला. त्यात परिणामस्वरूप ज्येष्ठतेचे शब्द घालण्यासाठी २००१ साली ८५ वी दुरुस्ती झाली आणि ती १७ जून १९९५ पासून लागू धरण्यात आली. २००६ च्या एम. नागराज निकालाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पण जाता जाता राज्यांच्या गळ्यात एक अट बांधली. आरक्षण द्यायचे तर प्रतिनिधित्व अपुरे आहे हे आकडेवारीने दाखवा!

महाराष्ट्रात या अटीनेच घात केला. राज्याचा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला आणि २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के आरक्षण लागू झाले. त्यात अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्के आणि विमुक्त, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून १३ टक्के. विजय घोगरे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी हा शासन निर्णय रद्द केला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान ७ मे २०२१ रोजी शासनाने निर्णय काढला. पदोन्नतीच्या कोट्यातील सर्व रिक्त पदे आरक्षण न ठेवता, २५ मे २००४ रोजीच्या स्थितीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून भरावीत, असे त्यात म्हटले होते.

'२५ मे २००४ रोजीची स्थिती' हे शब्द वरच्या उदाहरणाला लावून पाहा. त्या दिवशी आपले दोघेही लिपिक होते आणि पहिला ज्येष्ठ होता. म्हणून २०२१ साली नायब तहसीलदाराच्या पदासाठी विचार करताना दुसऱ्याची २००६ ची पदोन्नती डोळ्याआड करायची आणि त्याला पुन्हा लिपिकाच्या जुन्या यादीत नेऊन उभे करायचे. त्याचे अव्वल कारकुनाचे पद कोणी काढून घेतले नाही. पण पंधरा वर्षांची रांग काढून घेतली. ८५ व्या दुरुस्तीने जो 'कॅच अप' नियम पुढच्या दाराने बाहेर काढला होता, तो एका शासन निर्णयाने मागच्या दाराने आत आणला.

हे घडले कारण आकडेवारी नव्हती. पण आकडेवारी गोळा करायची म्हणजे कशाची? येथेच गट आणि संवर्ग यांतला फरक जीवन-मरणाचा ठरतो.

आपल्या सीमेपलीकडच्या कर्नाटकाकडे पाहा. परिणामस्वरूप ज्येष्ठतेचा त्यांचा कायदा फेब्रुवारी २०१७ मध्ये बी. के. पवित्रा प्रकरणात आकडेवारीअभावी पडला. कर्नाटक सरकार रडत बसले नाही. रत्ना प्रभा समिती नेमली, त्याच वर्षी अहवाल घेतला, नवा कायदा केला आणि १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून तो वैध ठरवून घेतला. ही तत्परता महाराष्ट्राने शिकण्यासारखी होती. पण त्या समितीची आकडेवारी गट अ, ब, क, ड अशी होती. २०१९ साली न्यायालयाने ती चालवून घेतली. मात्र २८ जानेवारी २०२२ रोजी जर्नैल सिंग प्रकरणात न्या. नागेश्वर राव, न्या. संजीव खन्ना आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की मोजणीचे एकक संवर्ग हेच आहे. संपूर्ण सेवेची किंवा गटाची गोळाबेरीज चालणार नाही. कारण पदोन्नती एका पदावरून दुसऱ्या पदावर होते आणि बिंदूनामावली संवर्गाची असते. मग प्रतिनिधित्व पुरे की अपुरे हेही तेथेच मोजले पाहिजे. २०१९ च्या निकालातील गटनिहाय आकडेवारीला मान्यता देणारा भाग चूक ठरला.

हा निकाल आपल्या बाजूचा की विरुद्ध? काही जणांनी घाईने त्याला आरक्षणविरोधी ठरवले. थोडा हिशेब करू. हे आकडेही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एखाद्या खात्यात गट क ची १००० पदे आहेत. त्यात ७०० लिपिक आणि ३०० अव्वल कारकून. लिपिकांत अनुसूचित जातीचे ११९ आहेत, म्हणजे १७ टक्के. अव्वल कारकुनांत २१ आहेत, म्हणजे ७ टक्के. दोन्ही मिळून १४०. हजारात १४०, म्हणजे १४ टक्के. आरक्षण १३ टक्के असल्याने गटाचा हिशेब म्हणेल, 'अनुसूचित जातीचे प्रतिनिधित्व पुरे झाले, उलट एक टक्का जास्तच आहे!' फाईल बंद. आता संवर्गाचा हिशेब करा. अव्वल कारकुनाच्या ३०० पदांत १३ टक्क्यांनी ३९ माणसे हवीत, आहेत २१. अठरा माणसे कमी. खालच्या पायरीवरची गर्दी वरच्या पायरीवरचा दुष्काळ झाकते ती अशी. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जेथे विषमता पायरीपायरीने रचलेली आहे, तेथे मोजणीही पायरीपायरीनेच झाली पाहिजे.

एकशे वीस वर्षांपूर्वी ही गोष्ट कोल्हापुरात एका राजाला कळली होती. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने राजर्षी शाहू महाराजांनी रिक्त होणाऱ्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. त्या आदेशाची पुढची दोन कलमे मात्र भाषणांत येत नाहीत. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचे प्रमाण पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असेल, तेथली पुढची नेमणूक मागासवर्गीयालाच द्यावी, असे महाराजांनी सांगितले. म्हणजे मोजायचे ते संस्थानाच्या एकूण नोकरांत नव्हे, तर कचेरी-कचेरीत. आणि दुसरे, सर्व खातेप्रमुखांनी आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावे. आज ज्याला सर्वोच्च न्यायालय परिमाणात्मक आकडेवारी म्हणते, ती दर तिमाहीला गोळा करण्याची व्यवस्था संगणक नसलेल्या काळात करवीर संस्थानाने हुकमात घातली होती. मग शाहू महाराजांचे नाव घेऊन राज्य करणाऱ्यांना ती का जमू नये?

संवर्गनिहाय मोजणीच्या मर्यादाही लपवून चालणार नाही. पहिली, ज्या संवर्गात प्रतिनिधित्व खरोखरच पुरे आहे, तेथे पदोन्नतीतील आरक्षणाचा दावा टिकणार नाही. तळाच्या संवर्गांत हे होऊ शकते आणि त्याची तयारी ठेवली पाहिजे. दुसरी, संवर्ग लहान असला की टक्केवारी लंगडी पडते. १३ टक्के म्हणजे सुमारे आठ पदांमागे एक. तीन-चार पदांचा संवर्ग असेल तर संधी बिंदूच्या फिरण्यावर अवलंबून राहते आणि एकाकी पदावर तर आरक्षणच लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितले आहे. म्हणून मोठ्या संवर्गाचे तुकडे पाडण्याचा किंवा दोन संवर्ग एकत्र करण्याचा प्रस्ताव आला की तो केवळ प्रशासकीय सोयीचा मानून सोडून देऊ नये. पदे किती आणि बिंदू किती, याचा हिशेब त्याच दिवशी मागावा. तिसरी, 'पुरेसे' म्हणजे किती, याचे माप न्यायालयाने ठरवून दिलेले नाही, ते राज्यावर सोडले आहे. माप राज्याच्या हाती आहे म्हणूनच त्यावर लक्ष हवे.

तेव्हा नोटीस बोर्डावर कागद लागला की काय पाहायचे? प्रथम यादीच्या शीर्षकात कोणता संवर्ग आहे आणि ती जिल्ह्याची, विभागाची की राज्याची, हे पाहा. मग आपल्या नावासमोरचा त्या संवर्गातील नियमित नेमणुकीचा दिनांक आपल्या आदेशाशी ताडून घ्या. 'मानीव दिनांक' असा शेरा कोणाच्या नावापुढे असेल तर तो कोणत्या आदेशाने दिला, ते विचारा, कारण मानीव दिनांकानेच मागचा माणूस पुढे जातो. विभागीय परीक्षा विहित मुदतीत आणि विहित संधींत उत्तीर्ण झाल्याची नोंद बरोबर आहे काय, तेही पाहा. ती चुकली तर आरक्षण असूनही ज्येष्ठता खाली घसरते. त्यानंतर त्या संवर्गाची बिंदूनामावली मागा. विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाने ती शेवटी कधी तपासली, मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कोणत्या बिंदूवर कोण बसला आहे, हे त्यात दिसते. कोणी दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात 'गट क ची माहिती' असे लिहू नका, संवर्गाचे नाव लिहा. गटाचा प्रश्न विचाराल तर गटाचेच उत्तर मिळेल आणि ते वरच्या हिशेबातल्या चौदा टक्क्यांसारखे असेल.

हरकत मुदतीत आणि लेखी द्या. तोंडी सांगितलेली हरकत कोणत्याही न्यायाधिकरणात दिसत नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला आधी प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जावे लागते आणि तेथे सर्वसाधारण मुदत एक वर्षाची आहे. ज्येष्ठतेच्या यादीला दहा वर्षांनी आव्हान दिले तर न्याय आपल्या बाजूने असूनही दार बंद मिळते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला मॅट नाही, त्याला उच्च न्यायालय गाठावे लागते. त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे आणि तेव्हा सरन्यायाधीश असलेले भूषण गवई यांच्या हस्तेच त्याचे उद्घाटन झाले. ज्या न्यायमूर्तींच्या पीठाने संवर्ग मोजा असे सांगितले, त्यांनीच उघडलेल्या या दारात संवर्गाची यादी घेऊन जाणारा पहिला कर्मचारी कोल्हापूरचाच का असू नये?

तोपर्यंत शासनाला एकच सवाल आहे. प्रत्येक संवर्गात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, हे सांगायला नवे सर्वेक्षण लागत नाही. प्रत्येक आस्थापनेच्या बिंदूनामावलीच्या नोंदवहीत ते लिहिलेले आहे. पगार दर महिन्याला निघतो, म्हणजे कोण कोणत्या खुर्चीवर बसला आहे हे शासनाला ठाऊक आहे. ज्याला पगार मोजता येतो, त्याला माणसे मोजता येत नाहीत काय?